पळायच्या आधी शीर ताणायची का नाही? १६०० मीटरवाल्या पोरांसाठी सगळं सविस्तर

थंडीत पहाटे सव्वापाचला आमच्या ग्राउंडवर या, सैन्यभरतीची तयारी करणारी पंधरावीस पोरं तरी दिसतील. कोण कंग्राळीहून, कोण येळ्ळूरहून, बाईकवर कुडकुडत येतात, गाडी स्टँडला लावतात आणि खाली उतरल्या उतरल्या पहिलं काम म्हणजे टाच कट्ट्यावर ठेवायची आणि वाकून पायाचा अंगठा धरायचा. मी एकाला विचारलं, "काय करूलायस रे?" तर म्हणतो, "शीर मोकळी करूलोय की अण्णा, मग रनिंग काढतो."

त्याची चूक नाही. आम्हाला पण शाळेत पीटीच्या तासाला हेच शिकवलं होतं, ओळीत उभं राहा, वाका, तीसपर्यंत मोजा, मग पळा. मी स्वतः कितीतरी वर्षं तसंच केलं. पण थंड अंगाने दहा मिनिटं शीर ताणून लगेच १६०० मीटर पळणं म्हणजे स्वतःच्या पायातली थोडी ताकद स्वतःच्या हाताने काढून ठेवणं आहे, आणि नुकसान थोडंच असतं म्हणूनच ते कुणाच्या लक्षात येत नाही. भरतीत पहिला गट साडेपाच मिनिटांचा धरा (नियम दर वर्षी थोडे हलतात, त्या वर्षीची जाहिरात बघूनच चला), तिथे तीन-चार सेकंद म्हणजे आत का बाहेर एवढा फरक आहे.

आधी एक गोंधळ मिटवू

स्टॅटिक म्हणजे शीर ताणून एका जागी धरून ठेवणं, २० सेकंद, ३० सेकंद, मिनिटभर. डायनॅमिक म्हणजे सांधा हळूहळू मोठ्या हालचालीतून फिरवत राहणं, कुठेच न थांबता. दोन्हीने अंग "मोकळं" वाटतं म्हणून आपण दोन्ही एकच समजतो, पण आत घडतं ते वेगळं.

मोकळं वाटण्यात पण दोन गोष्टी मिसळलेल्या असतात. एक, पाय किती लांब जातो. दोन, जाताना स्नायू किती अडवतो. ताठरपणा, म्हणजे ज्याला स्टिफनेस म्हणतात, तो या दुसऱ्या गोष्टीला म्हणायचं. लॅबमध्ये माणसाला ढिलं बसवून मशीनने घोटा हळूहळू वाकवतात आणि दर डिग्रीला किती जोर लागतो ते मोजतात, तो आकडा म्हणजे ताठरपणा. आता गंमत अशी की स्टॅटिक ताणल्यावर हात पावलापर्यंत पोचायला लागतो तो बऱ्याच अंशी स्नायू लांब झाला म्हणून नाही, तर ताण सोसायची तयारी वाढते म्हणून, डोकं "अजून थोडं चालेल" म्हणतं. ताठरपणा पण कमी होतो, आणि धरून ठेवल्यावर सुरुवातीच्या वीसेक सेकंदात अडवणारा जोर सगळ्यात जास्त ढिला पडतो. पण थोडाच वेळ ताणलेलं असेल तर साधारण दहा ते वीस मिनिटांत तो परत पूर्वपदावर येतो. रोज पहाटे वाकून मांडीमागची हॅमस्ट्रिंग कायमची लांब होतेय असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी ही वाईट बातमी.

आणि मुळात पळायला सगळा ताठरपणा काढून टाकायचाच नसतो! टाचेच्या मागे जी जाड शीर लागते ती पळताना स्प्रिंगसारखी काम करते, पाय टेकला की ताणली जाते आणि उचलताना ती ऊर्जा परत देते, फुकटात. कॅरियरला सामान बांधायचा ट्यूबचा पट्टा नवा असताना कसा चटकन मागे येतो आणि सैल पडलेला नुसता लोंबतो, तसं. पोटरी मिनिट-मिनिट धरून ढिली केली की लगेचच्या राउंडला त्या पट्ट्यातला दम थोडा कमी. शिवाय फक्त पट्ट्याचाच प्रश्न नाही, लांब वेळ ताणल्यावर मेंदूकडून स्नायूला जाणारा हुकूमसुद्धा काही वेळ मंद पडतो. २००० सालच्या एका प्रयोगात पोटरी जवळजवळ अर्धा तास ताणून ठेवली तर लगेच मोजलेली ताकद २८ टक्के पडली, आणि तासाभरानंतर पण ९ टक्के कमीच होती. एवढं कुणी ताणत नाही हे कबूल, पण दिशा कळते.

रोजच्या मापातला हिशेब २०१६ साली डेव्हिड बेम आणि सहकाऱ्यांनी बरेच प्रयोग एकत्र करून मांडला. एका स्नायूला एकूण ६० सेकंद किंवा जास्त स्टॅटिक ताणलं तर ताकद-उडी-वेग सरासरी ४.६ टक्के खाली, ६० च्या आत असेल तर १.१ टक्के खाली, आणि डायनॅमिकने १.३ टक्के वर. इथे "एकूण" शब्द महत्त्वाचा आहे, ३० सेकंद दोनदा केलं की झाले ६०. ५ मिनिटं ४० सेकंद म्हणजे ३४० सेकंद, त्याचा एक टक्का म्हणजे साडेतीन सेकंदाच्या आसपास. उडीतले टक्के जसेच्या तसे पळण्यात उतरत नाहीत, पण किती लहान गोष्टीवर किती अवलंबून आहे ते समजायला हे गणित बरं.

मग डायनॅमिकने काय होतं? मुख्य काम गरमीचं. गुऱ्हाळावर काकवी बघितली असेल, गरम असते तेव्हा पाण्यासारखी धावते आणि थंडीत डब्यात ठेवली की चमचा उभा राहतो. स्नायू पण थंड असला की आतून चिकट चालतो. त्याचं तापमान एक डिग्रीने वाढलं तर ताकदीने झटका देण्याची क्षमता काही टक्क्यांनी वाढते, साधारण २ ते ५ धरतात. दुसरं म्हणजे रात्रभर न हललेल्या स्नायूत आतले धागे एकमेकांना हलकेसे चिकटून बसलेले असतात, उठल्यावर जे आखडल्यासारखं वाटतं त्यात याचा वाटा असतो, आणि ते नुसत्या दहावीस हालचालींनी सुटतं. त्याला मिनिटभर धरून ताणायची गरजच नाही. म्हणजे नको असलेला ताठरपणा जातो आणि कामाचा राहतो.

आमच्याकडच्या तालमीत हे आधीपासून होतं की. पैलवान आला की आधी खोरं घेऊन हौद्यातली माती उकरणार, मग जोर, मग बैठका, आणि मगच लढत. मांडी फाकवून दहा मिनिटं बसून मग कुस्तीला सुरुवात केलेला पैलवान मी तरी बघितला नाही.

आता प्रत्यक्ष काय करायचं

सगळं मिळून १५ ते १८ मिनिटं. थंडीच्या पहाटे, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत, १८ धरा. स्वेटर किंवा ट्रॅक जॅकेट अंगावरच ठेवा, शेवटच्या टप्प्यापर्यंत काढायचं नाही.

पहिल्यांदा पाच मिनिटं एकदम हळू जॉगिंग, थंडीत सात-आठ. हळू म्हणजे शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. वाक्य तुटायला लागलं तर तुम्ही वॉर्मअप करत नाही, ट्रेनिंग करताय. बाईकवरून आलेल्यांनी पहिला एक मिनिट नुसतं भरभर चाला, गुडघे वाऱ्याने गार पडलेले असतात. कपाळावर किंवा मानेला हलका ओलावा आला की हा टप्पा झाला, घड्याळापेक्षा ती खूण खरी.

मग घोटा आणि पोटरी. भिंतीला हात टेकून दोन्ही टाचा वर-खाली १५ वेळा, सावकाश. नंतर एक पाऊल भिंतीपासून चार बोटं लांब ठेवून गुडघा भिंतीला टेकवायचा आणि मागे घ्यायचा, टाच जमिनीला चिकटलेली, दर पायाला १०. कुठेही थांबायचं नाही, झोपाळ्यासारखं चालू. मग २० पावलं टाचांवर चाला, दिसायला हास्यास्पद आहे पण नडगीच्या पुढचा स्नायू जागा होतो.

आता पायाचे झोके. गोलपोस्टचा खांब, झाड, काहीही धरा. एक पाय पुढे-मागे १० ते १२ वेळा, मग आडवा डावी-उजवीकडे १०. इथे सगळ्यात जास्त चुकतं. पोरं पहिलाच झोका डोक्यापर्यंत मारतात, जोर लावून, कंबर वाकवून, आणि मग मांडीच्या मागे कचकन काहीतरी होतं. पहिला झोका गुडघ्याच्या उंचीचा, पाचवा कमरेच्या खाली, दहावा जेवढा आपोआप जाईल तेवढा. पाय फेकायचा नाही, सोडायचा. कंबर गोल व्हायला लागली म्हणजे झोका गरजेपेक्षा मोठा झाला.

त्यानंतर चालत चालत लंज, म्हणजे मोठं पाऊल पुढे टाकून मागचा गुडघा जमिनीच्या जवळ नेणं, दर पायाला ६, बास. जास्त केले तर मांड्या भरतात आणि पळताना जड लागतात. खाली गेल्यावर मागच्या पायाच्या जांघेला पुढून ओढ जाणवली पाहिजे, दिवसभर कॉलेजात किंवा दुकानात बसणाऱ्यांचं तिथेच आखडलेलं असतं. लगेच २० मीटर गुडघे वर उचलत, २० मीटर टाचा कुल्ल्याला लावत, दोन्ही दोनदा, चालत परत या.

उड्या थोड्याच. चवड्यावर जागच्या जागी छोट्या उड्या, गुडघा जवळजवळ सरळ, जमीन तापलेल्या तव्यासारखी आहे असं समजून, १५ चे दोन सेट. हा तो ट्यूबचा पट्टा जागा करण्याचा भाग आहे. नडगीला आधीच दुखतंय त्यांनी हे सोडून द्या.

शेवटी जॅकेट काढून ७० मीटरच्या तीन किंवा चार धावा, प्रत्येक आधीच्यापेक्षा थोडी जोरात, शेवटची तुमच्या १६०० च्या वेगाने किंवा त्याच्या किंचित वर. पूर्ण जोर नको. मधे चालत परत यायचं, धाप पूर्ण खाली येईपर्यंत. मग तीन ते पाच मिनिटं मोकळं फिरा आणि स्टार्टला उभं राहा. स्टार्टला उभं राहिल्यावर छाती भरलेली असेल तर वॉर्मअप जास्त झाला, पहिला राउंड होऊनही पाय लाकडासारखे वाटले तर कमी झाला, पुढच्या वेळी त्याप्रमाणे बदला.

"पण अण्णा, न ताणता पळायला भीती वाटते." हे खूप जण म्हणतात. तर मग शेवटच्या ७० मीटरच्या धावांच्या आधी, अंग गरम असताना, जिथे खरंच आखडलंय तेवढ्याच जागी १० ते १५ सेकंद एकदा ताणा, आणि नंतर धावा कराच. २०१८ साली ब्लेझविच वगैरेंनी खेळाडूंवर हेच तपासलं, पूर्ण वॉर्मअपच्या आत छोटं स्टॅटिक घातलं तर उडी-वेगात काही फरक पडला नाही, आणि खेळाडूंना मात्र ताणल्यावर आपण चांगले खेळू असं जास्त वाटत होतं. मनाला बरं वाटत असेल तर करा, फक्त मिनिटाच्या खाली आणि शेवटी नाही.

दुखापत टळते की, त्याचं काय?

हा सगळ्यात मोठा समज. यावर नेमका सैन्याच्याच पोरांवर अभ्यास झालाय. ऑस्ट्रेलियात पोप आणि सहकाऱ्यांनी १,५३८ नवीन रिक्रूट घेतले, अर्ध्यांना व्यायामाआधी पायाच्या सहा स्नायूंना २०-२० सेकंद स्टॅटिक ताणायला लावलं, अर्ध्यांना नाही, १२ आठवडे बघितलं. पायाच्या दुखापतीत म्हणण्यासारखा फरक आला नाही. फरक कुठे आला? ट्रेनिंगला येताना ज्यांचा दम कमी होता त्यांना जास्त दुखापती झाल्या. म्हणजे जाहिरात आल्यावर तीन आठवड्यांत एकदम रोज १६०० फुल्ल जोरात काढायचं आणि वर शीर ताणून सेफ वाटून घ्यायचं, हे चालत नाही. एकदम झटक्याच्या खेळात, स्प्रिंट वगैरेत, शीर ओढली जाण्यापुरता ताणण्याचा थोडा फायदा असू शकतो, म्हणून मी ते पूर्ण बंद करा म्हणत नाही, वेळ बदला म्हणतो.

खडू घेऊन स्वतः तपासा

आमच्यातल्या एका पोराला हे पटत नव्हतं. त्याचं रूटीन मोजलं तर हॅमस्ट्रिंग दर पायाला मिनिट-मिनिट दोनदा, पोटरी मिनिटभर, पुढची मांडी मिनिटभर, फुलपाखरू करून बसणं दोन मिनिटं, म्हणजे दहा-एक मिनिटं नुसतं धरून ठेवणं आणि तेही गार अंगाने. टाइम ५:५२ च्या खाली येत नव्हता. वाद घालत बसण्यापेक्षा म्हटलं मोजू.

शाळेच्या भिंतीला कडेने उभं राहून हात वर करून बोटाच्या खडूची खूण करायची, मग जागेवरून उडी मारून दुसरी खूण, दोन्हीतलं अंतर टेपने. तीन उड्या, मधे मिनिटभर थांबून, सगळ्यात मोठी लिहायची. एक दिवस नुसतं पाच मिनिटं जॉगिंग करून, एक दिवस जॉगिंग आणि त्याचं नेहमीचं ताणणं, एक दिवस वर सांगितलेला पूर्ण वॉर्मअप. एकाच दिवशी तिन्ही करू नका, थकवा मिसळतो. तेच ग्राउंड, तेच बूट, तीच वेळ, आणि आदल्या दिवशी जड व्यायाम नको. त्याला आले ४६, ४४ आणि ४८ सेंटीमीटर. पुढच्या आठवड्यात दिवस उलट्या क्रमाने घेऊन परत केलं, आकडे वरच्याच क्रमाने लिहिले तर ४७, ४५, ४८. एक सेंटीमीटरचा फरक हा खडूचा आणि नशिबाचा असतो, तो सोडून द्यायचा, पण दोन्ही वेळेला तोच क्रम आला म्हणून मी विश्वास ठेवला. सगळ्यांना असाच येईल असं नाही, काहींना काहीच फरक दिसत नाही, त्यांनी ताणणं थोडं ठेवलं तरी हरकत नाही.

दीड महिन्यात त्याचा टाइम ५:४१ झाला. ते सगळं वॉर्मअपने झालं असं सांगितलं तर मी खोटा ठरेन, त्याच काळात आठवड्यातून दोनदा ४०० चे रिपीट पण चालू होते.

स्टॅटिक मग कधी?

संध्याकाळी. किंवा पळून झाल्यावर, पण दुसऱ्या दिवशी अंग दुखू नये म्हणून करत असाल तर अपेक्षा कमी ठेवा, त्या दुखण्यावर ताणण्याचा परिणाम जवळजवळ नाहीच. लवचिकता खरोखर वाढवायची असेल तर एका स्नायूला आठवड्यात एकूण किमान पाच मिनिटं मिळाली पाहिजेत, म्हणजे ३० सेकंद दोनदा, आठवड्यातून पाच दिवस. एकाच रविवारी पाच मिनिटं उरकून उपयोग कमी. नऊ फुटी खड्डा मारताना मागचा पाय अडकतो त्यांनी जांघेची पुढची बाजू आणि हॅमस्ट्रिंग यावर वेळ द्या. पोटरी दोन प्रकारे ताणायची, एकदा गुडघा सरळ ठेवून आणि एकदा थोडा वाकवून, कारण तिथे वर-खाली दोन स्नायू आहेत आणि सरळ पायाने खालचा ताणायचा राहून जातो. ओढ जाणवावी, दात खायला लागू नयेत. असं आठवडेच्या आठवडे वेगळ्या वेळेला केलेल्या ताणण्याने पळण्याचं नुकसान होत नाही, जे नुकसान आहे ते लगेच आधी केल्याचं.

रॅलीच्या दिवशीची खरी अडचण

ग्राउंडवर सगळं बरोबर करून पोरं रॅलीत का मार खातात? कारण तिथे मध्यरात्रीपासून रांगेत बसवतात. कागद तपासणी, उंची, परत रांग, आणि तुमची बॅच कधी सुटेल ते माहीत नसतं. मिळवलेली गरमी बसून राहिलं की पंधरा-वीस मिनिटांत बरीचशी उतरते, थंडीत त्याच्याही आधी. पहाटे चारला गेटबाहेर जोरदार वॉर्मअप करून साडेसहाला पळणाऱ्याला त्याचा काही फायदा नाही, उलट थकवा मात्र राहतो.

म्हणून तिथे वॉर्मअप तुकड्यात करायचा. रांगेत असताना जॅकेट, टोपी घालूनच बसा, दर दहा-पंधरा मिनिटांनी उठून टाचा वर-खाली २०, जागच्या जागी गुडघे उचलणं अर्धा मिनिट, शेजारच्याचा खांदा धरून पाचपाच छोटे झोके, एवढ्याला हवालदार पण ओरडत नाही. तुमच्या पुढच्या दोन बॅच राहिल्या की लंज आणि चवड्यावरच्या उड्या. धावायला जागा मिळत नसेल तर जागच्या जागी १० सेकंद जोरात पळणं, तीन वेळा, मधे अर्धा-एक मिनिट. जॅकेट अगदी शेवटी काढून मित्राकडे द्या. आणि कंटाळा आला म्हणून रांगेत पाय पसरून अंगठे धरून बसू नका, तेवढ्या वेळात तेच सगळ्यात सोपं वाटतं आणि बाजूची दहा जणं तेच करत असतात.

एक राहिलं. वॉर्मअप करताना नडगीच्या हाडावर एकाच जागी बोट ठेवलं तर जीव जातो, रात्री पण ठणकतं, तर ते आखडलेलं नाही. ताणून, चोळून, आयोडेक्स लावून ते जात नाही, हाडाला बारीक तडा असू शकतो. पळणं त्याच दिवशी थांबवा आणि हाडाच्या डॉक्टरकडे जा. सुरुवातीचा एक्सरे साफ आला तरी निश्चिंत होऊ नका, तसा तडा पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एक्सरेत बऱ्याचदा दिसतच नाही.